स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण : किती विश्वासाचे, किती खरे?

घरातले वडीलधारे माणूस फार विसरू लागले, की नातेवाईक त्याला मंचरला, नारायणगावला किंवा थेट पुण्याला तज्ज्ञांकडे घेऊन जातात. तेथे पंधरा-वीस मिनिटे प्रश्नोत्तरे होतात आणि शेवटी कागदावर ‘३० पैकी १८’ असा एक आकडा येतो. रक्तातल्या साखरेचा आकडा मनात घट्ट बसतो, तसाच हाही बसतो. मग तो भावकीत पोचतो. ‘म्हातारीचे डोके आता ठिकाणावर नाही’ असे बोलले जाऊ लागते आणि उद्या खरेदीखतावर किंवा मृत्युपत्रावर तिचा अंगठा घ्यायची वेळ आली, की हाच कागद कोणीतरी पुढे करतो. म्हणून हा आकडा कसा तयार होतो आणि त्यावर कितपत विसंबावे, याचा विचार आज करू.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा क्रेट काट्यावर ठेवला आणि पाच मिनिटांनी तोच क्रेट पुन्हा ठेवला, तर वजन तेच यायला हवे. एकदा २० किलो आणि एकदा २३ किलो येत असेल, तर तो काटा कोणीही मानणार नाही. मोजमापाच्या या गुणाला विश्वसनीयता म्हणतात. पण काटा कितीही चोख असला, तरी टोमॅटो गोड आहे की आंबट हे तो सांगणार नाही. वजन दाखवणाऱ्या काट्यावरून कोणी चव ठरवू लागला, तर आकडा दरवेळी तोच येईल आणि निष्कर्ष मात्र दरवेळी चुकेल. जे मोजतो असे आपण म्हणतो तेच खरोखर मोजले जाते का, या प्रश्नाच्या उत्तराला सप्रमाणता म्हणतात. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत या दोन गोष्टींची गल्लत फार होते आणि तिचा फटका सहसा शाळेत न गेलेल्या माणसाला बसतो.

आपल्या देशात तयार झालेली आणि बरीच वापरली जाणारी एक कसोटी उदाहरणासाठी घेऊ. चंडीगढच्या पी.जी.आय. या संस्थेत डॉ. द्वारका पर्शाद आणि डॉ. एन. एन. विग यांनी १९७७ च्या सुमारास ‘पी.जी.आय. मेमरी स्केल’ ही स्मृतिमापन कसोटी तयार केली. तिचे दहा भाग आहेत. काही प्रश्न जुन्या आठवणींचे असतात, तर काही काल-परवाचे. उलटे आकडे म्हणायचे असतात. ऐकलेले अंक सुलट आणि मग उलट क्रमाने सांगायचे असतात. काही शब्द ऐकून थोड्या वेळाने आठवायचे, वाक्ये ऐकून लगेच म्हणायची, शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवायच्या, आकृती पाहून ती कागदावर काढायची आणि आधी दाखवलेल्या वस्तूंची चित्रे बऱ्याच चित्रांतून ओळखून काढायची, असे तिचे स्वरूप आहे. स्मरणशक्ती ही एकच पेटी नाही. जुने आठवणे, नवे साठवणे आणि साठवलेले हवे तेव्हा काढणे ही वेगवेगळी कामे आहेत, म्हणून दहा भाग.

अशी कसोटी तयार झाली की पहिली परीक्षा तिचीच घ्यावी लागते. तीच कसोटी त्याच माणसांना काही दिवसांनी पुन्हा द्यायची आणि दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ पाहायचा. याला कसोटी-पुनर्कसोटी पद्धत म्हणतात. मेळ किती हे सहसंबंध नावाच्या आकड्याने सांगतात. काहीच मेळ नसेल तर तो ० येतो आणि पूर्ण मेळ असेल तर १.

हा मेळ नेमका कशाचा, हे समजावून घेण्यासारखे आहे. समजा ओतूरच्या पाच ज्येष्ठ मंडळींना ३० गुणांची एक स्मृतिकसोटी दिली. (पुढची सगळी माणसे आणि त्यांचे गुण समजुतीसाठी कल्पिलेले आहेत.) त्यांना ८, ११, १४, १७ आणि २० गुण मिळाले. आठवड्याने तीच कसोटी घेतली तेव्हा त्याच क्रमाने १०, १२, १५, १९ आणि २१ गुण मिळाले. सगळ्यांचे गुण एक-दोनने वाढले, पण जो शेवटी होता तो शेवटीच राहिला आणि जो पहिला होता तो पहिलाच. येथे सहसंबंध ०.९९ येतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण मेळ. गुण का वाढले, याचे उत्तर सोपे आहे. वजनकाट्याला मागचे वजन आठवत नाही, माणसाला मागची परीक्षा आठवते. दुसऱ्या खेपेला तो सावध असतो आणि काही शब्द तर आठवडाभर डोक्यात राहिलेले असतात. याला सरावाचा परिणाम म्हणतात. यासाठीच चांगल्या कसोट्यांच्या दोन-तीन समान अवघड आवृत्त्या, वेगळे शब्द घालून, तयार ठेवतात.

आता दुसरा प्रकार पाहा. त्याच पाच जणांची दुसरी चाचणी गावच्या यात्रेच्या दिवशी, देवळाशेजारच्या खोलीत घेतली. बाहेर ढोल-लेझीम चालू. एकजण रात्रभर जागलेला, एकाने कानाचे यंत्र घरी ठेवलेले. गुण आले १५, ९, १८, १२ आणि १७. पहिल्या वेळची सरासरी १४ होती, या वेळची १४.२ आहे. नुसती सरासरी पाहणारा म्हणेल, काही फरक नाही, कसोटी उत्तम. पण माणसागणिक पाहा. आठवाला पंधरा झाला, सतराचा बारा झाला. सहसंबंध काढला तर तो ०.३० भरतो. म्हणजे पहिल्या दिवशीच्या गुणांवरून दुसऱ्या दिवसाचा अंदाज बांधणे जवळजवळ व्यर्थ. सरासरी शाबूत राहूनही कसोटी कुचकामी ठरू शकते ती अशी. येथे दोष प्रश्नांचा नव्हता, परीक्षा घेण्याच्या रीतीचा होता. म्हणून चाचणीच्या पुस्तिकेत शब्द किती संथ म्हणायचे, किती वेळ थांबायचे, ‘आठवा ना’ म्हणून सुचवायचे की नाही, हे सगळे लिहिलेले असते. ते न पाळता घेतलेल्या चाचणीला पुस्तिकेतील विश्वसनीयतेचा आकडा लागू पडत नाही.

दोन चाचण्यांमध्ये अंतर किती ठेवावे, हाही प्रश्न नाजूक आहे. दुसऱ्याच दिवशी घेतली तर पाठांतर मोजले जाते. वर्षाने घेतली तर माणूसच खरोखर बदललेला असू शकतो. बहुधा एक-दोन आठवड्यांचे अंतर ठेवतात. पी.जी.आय. कसोटीसाठी एक आठवड्याचे अंतर ठेवले होते आणि दहा भागांचे सहसंबंध ०.६९ ते ०.८५ यांच्या दरम्यान आल्याचे नमूद आहे. एकेका छोट्या भागासाठी हे समाधानकारक आहे. तरी ०.६९ चा भाग आणि ०.८५ चा भाग यांवर सारखाच भार टाकू नये, हेही त्यातून कळते.

आता घरच्यांच्या कामाची गोष्ट. कोणतीही कसोटी १ इतकी विश्वसनीय नसते, त्यामुळे प्रत्येक गुणाभोवती चुकीची एक पट्टी असते. समजा एखाद्या कसोटीत लोकांचे गुण सरासरीभोवती साधारण ५ गुणांनी पसरलेले आहेत आणि विश्वसनीयता ०.८४ आहे. एकातून ०.८४ वजा केले की ०.१६ उरतात, त्याचे वर्गमूळ ०.४, आणि ०.४ ला ५ ने गुणले की २. म्हणजे नेहमीची चूक २ गुणांची. ज्याला २१ गुण मिळाले त्याचा खरा गुण ढोबळमानाने १७ ते २५ यांच्या दरम्यान आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते. दोन वेळच्या गुणांची तुलना करताना तर दोन्ही वेळची चूक जमेस धरावी लागते, त्यामुळे फरक सुमारे ६ गुणांचा होईपर्यंत ‘घसरण झाली’ असे ठामपणे म्हणता येत नाही. ‘मागच्या दिवाळीत वडिलांना २१ होते, आता १८ आहेत, झपाट्याने उतरण लागली’ असा धसका अनेक घरांत घेतला जातो. तीन गुणांचा फरक एका अपुऱ्या झोपेने किंवा चाचणी घेणारे माणूस बदलल्यानेही पडतो. उलट, सरावामुळे गुण वाढलेले असताना ‘गोळीने गुण आला’ असा समजही होतो. त्याकडेही तितक्याच सावधपणे पाहावे.

विश्वसनीयतेची दुसरी बाजू म्हणजे अंतर्गत सुसंगती. येथे चाचणी दोनदा घ्यावी लागत नाही. एकाच बैठकीतले प्रश्न एकमेकांशी जुळतात का, ते पाहायचे. शब्द आठवण्यात जो पुढे, तो जोड्या लक्षात ठेवण्यातही बहुधा पुढे असावा आणि चित्रे ओळखण्यातही. पूर्वी यासाठी प्रश्नांचे सम आणि विषम असे दोन गट करून त्यांचे गुण ताडून पाहत. पुढे १९५१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबॅक यांनी सर्व प्रश्नांचा मेळ एकाच आकड्यात सांगणारे सूत्र प्रचारात आणले. त्या आकड्याला अल्फा म्हणतात. तो ०.७ च्या वर असला की संशोधक समाधानी होतात. मात्र एकेका रुग्णाविषयी निर्णय घ्यायचा असेल, तर ०.९ च्या आसपास असावा अशी अपेक्षा असते.

अल्फाचा आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नये. याची दोन कारणे आहेत आणि दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. पहिले असे, की नुसते प्रश्न वाढवले तरी अल्फा वाढतो. प्रश्नांचा आपसातला सरासरी सहसंबंध ०.३ इतका बेताचाच असेल, तर पाच प्रश्नांना अल्फा ०.६८ येतो, दहांना ०.८१ आणि वीसांना ०.९०. प्रश्न तेवढेच साधे, केवळ संख्या जास्त. दुसरे असे, की प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढेच अल्फा सांगतो. ते कशामुळे जुळतात, हे तो सांगत नाही. आकृती काढणे, उलटे आकडे म्हणणे, वाचणे, वजाबाकी करणे या सगळ्यांत ज्याची शाळा झाली तो पुढे आणि ज्याची झाली नाही तो मागे. शिकलेल्या आणि न शिकलेल्या अशा मिश्र गटाला ही चाचणी दिली, तर प्रश्नांचा मेळ उत्तम दिसेल. पण ती माळ ज्या दोऱ्यात ओवली आहे तो दोरा स्मरणशक्तीचा नसून शाळेचा असेल.

येथे सप्रमाणतेचा प्रश्न उभा राहतो. स्मरणशक्ती ही दिसणारी वस्तू नाही, ती एक संकल्पना आहे. फूटपट्टी कापडाला लावून पाहता येते, तशी स्मृतिकसोटी मेंदूला लावून पाहता येत नाही. मग ती स्मरणशक्तीच मोजते हे ठरवायचे कसे? क्रॉनबॅक आणि पॉल मील यांनी १९५५ मध्ये याचा जो मार्ग मांडला, त्याला संकल्पना-सप्रमाणता म्हणतात. त्याचा गाभा असा : ही कसोटी खरोखर स्मरणशक्ती मोजत असेल तर काय काय घडायला हवे आणि काय घडता कामा नये, हे आधी लिहून काढा, आणि मग तसे घडते का ते तपासा. स्मृतीच्या दुसऱ्या कसोट्यांशी तिचा मेळ बसला पाहिजे. ज्यांना स्मृतिभ्रंश असल्याचे तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे ठरवले आहे, त्यांना कमी गुण मिळाले पाहिजेत. घरचे लोक रोजच्या व्यवहारात जो विसराळूपणा पाहतात त्याच्याशी तिचे नाते दिसले पाहिजे. आणि ऐकू कमी येणे, पेन्सिल धरण्याची सवय नसणे, शाळेची वर्षे यांच्याशी तिचा संबंध शक्य तितका कमी असला पाहिजे. पी.जी.आय. कसोटीचे गुण परदेशातील बोस्टन आणि वेक्स्लर स्मृतिकसोट्यांशी ताडून पाहिले गेले ते यातल्या पहिल्या अटीसाठी. शेवटची अट पार पडते का, हे मात्र ज्या लोकांत कसोटी वापरायची त्या लोकांतच पाहावे लागते.

ही अट मोडली की काय होते, ते एका प्रत्यक्ष कसोटीवर पाहू. दवाखान्यांत सर्वांत अधिक वापरली जाणारी ३० गुणांची मनोवस्था चाचणी अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात वेळेचे भान ५, ठिकाणाचे भान ५, तीन शब्द ऐकून म्हणणे ३, शंभरातून सात-सात वजा करत जाणे ५, ते तीन शब्द थोड्या वेळाने आठवणे ३, दोन वस्तूंची नावे २, वाक्य तसेच म्हणणे १, तीन टप्प्यांची सूचना पाळणे ३, आणि वाचणे, लिहिणे व आकृती उतरवणे यांना प्रत्येकी १ असे गुण आहेत. २४ पेक्षा कमी गुण मिळाल्यास संशय घ्यावा, असा प्रघात पडला.

आता भीमाशंकर पट्ट्यातील, आंबेगाव तालुक्यातल्या एका वाडीवरच्या सत्तरीच्या आजी डोळ्यांपुढे आणा. शाळेचे तोंड पाहिले नाही. भातशेती केली, हिरडा गोळा केला, चार लेकरे वाढवली. त्यांना तारीख, इंग्रजी महिना, सन विचारला. त्यांनी वार आणि ऋतू बरोबर सांगितला, बाकी ‘काय की’ म्हणाल्या. वेळेचे २. ठिकाणाचे ४. तीन शब्द म्हणून दाखवले, ३. शंभरातून सात वजा करणे जमलेच नाही, ०. पण मघाचे तीनही शब्द त्यांनी थोड्या वेळाने बिनचूक सांगितले, ३. वस्तूंची नावे २, वाक्य १, सूचना ३. वाचणे, लिहिणे, आकृती, तिन्हीला शून्य. बेरीज १८. आठवड्याने पुन्हा चाचणी घेतली, पुन्हा १८. कसोटी विश्वसनीय आहे यात शंका नाही.

त्याच दिवशी जुन्नर तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी तपासले. वय तेवढेच. वेळेचे ५, ठिकाणाचे ५, तीन शब्द ३, वजाबाकी तोंडपाठ असल्यासारखी, ५. नंतर मघाचे शब्द विचारले, तर एकही आठवला नाही. ‘तुम्ही शब्द सांगितलेच कुठे?’ असे म्हणाले. त्याला ०. बाकी सगळे पूर्ण, नावे २, वाक्य १, सूचना ३, वाचन, लेखन, आकृती ३. बेरीज २७. कागदावर गुरुजी ठणठणीत आणि आजी रोगी.

स्मरणाचा प्रश्न म्हणून पाहिले तर उलट चित्र आहे. अल्झायमरच्या विकारात बहुधा सुरुवातीलाच जे जाते ते म्हणजे नुकतेच ऐकलेले काही मिनिटांनी आठवणे. आजींचे ते शाबूत आहे, गुरुजींचे गेले आहे. गुरुजींच्या पत्नीला विचारले, तर ते एकच गोष्ट तासाभरात चार वेळा विचारतात आणि गॅस पेटता ठेवून अंगणात जातात, असे कदाचित कळेल. आजींच्या सुनेला विचारले तर बचत गटाचा हप्ता कोणी भरला नाही, हे सासूबाईंनाच ठाऊक असते, असे कळेल. तीस गुणांपैकी थोड्या वेळाने आठवण्याला फक्त तीन गुण आहेत. बाकीचे बरेचसे गुण लक्ष, भाषा, भान आणि शाळा यांचे. म्हणून एकूण बेरजेपेक्षा गुण कोठे गेले हे पाहणे महत्त्वाचे असते. माझ्या मते, प्रश्नवार गुण न लिहिता नुसती बेरीज लिहिलेला अहवाल घरच्यांनी स्वीकारू नये.

या अडचणीवर आपल्याकडे चांगले काम झाले आहे. हरियाणातील बल्लभगढ भागात डॉ. मेरी गांगुली, डॉ. विजय चंद्रा आणि सहकाऱ्यांनी, बहुतेक निरक्षर असलेल्या खेड्यातल्या वृद्धांसाठी, हीच चाचणी नव्याने बांधली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिला हिंदी मनोवस्था चाचणी म्हणतात. नुसते भाषांतर करून भागले नसते. मूळ चाचणीत इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उलट क्रमाने सांगण्याचा पर्याय आहे. आपल्याकडे तसे स्पेलिंगच नाही, म्हणून त्याजागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. शंभरातून सातऐवजी विसातून तीन वजा करण्याचा प्रश्न ठेवला. ‘डोळे मिटा’ असे कागदावर वाचून तसे करण्याऐवजी, परीक्षक जसे करील तसे त्याच्या चेहऱ्याकडे पाहून करायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगायचे. मूळ चाचणीत म्हणायला दिलेले इंग्रजी वाक्य मुद्दाम जीभ अडखळावी असे रचलेले आहे. त्याचे सरळ भाषांतर केले तर अडखळणेच नाहीसे होते, म्हणून ‘हेही नाही, तेही नाही’ अशा अर्थाचे हिंदी वाक्य घेतले. प्रत्येक बदलामागे एकच विचार होता : प्रश्न ज्या क्षमतेसाठी आहे ती क्षमता तीच राहावी, शाळा मात्र त्यातून गळावी. शिवाय वृद्ध माणूस रोजचे व्यवहार कसे करतो हे घरच्यांना विचारण्याची वेगळी प्रश्नावलीही तेथेच तयार झाली.

मराठीत हे करायचे तर आपल्या तालुक्यांच्या खाचाखोचा पाहाव्या लागतील. अनेक वृद्धांना इंग्रजी तारीख सांगता येत नाही, पण श्रावण संपून भाद्रपद लागला हे पक्के ठाऊक असते. ते उत्तर चूक धरायचे की बरोबर, हे आधी ठरवावे लागेल. पाश्चात्त्य चाचणीत ऋतू चार धरतात, आपण उन्हाळा, पावसाळा, हिवाळा म्हणतो. आणखी एक गंमत आहे. मूळ आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याला नाव मात्र त्याचेच राहिले आणि तालुक्याचे ठिकाण आहे घोडेगाव. ‘आंबेगाव कोठे आहे?’ या प्रश्नाला एखादी वृद्धा ‘पाण्यात’ असे उत्तर देईल. बाहेरून आलेला परीक्षक कदाचित शून्य देईल. ते उत्तर स्मरणशक्ती उत्तम असल्याचे लक्षण आहे.

शाळेचा परिणाम पूर्ण काढून टाकता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्यासाठी दुसरा उपाय म्हणजे प्रमाणके. रुग्णाचे गुण सर्वांशी न ताडता त्याच्याच वयाच्या आणि तेवढेच शिकलेल्या निरोगी माणसांच्या गुणांशी ताडायचे. पी.जी.आय. कसोटीची प्रमाणके शिक्षणाच्या गटांनुसार दिलेली आहेत ती यासाठीच. पण ती ज्या लोकांवरून काढली त्यांच्यात आणि आपल्या रुग्णात भाषा, वय किंवा राहणीमान यांचा मोठा फरक असेल, तर ती तेवढ्या प्रमाणात निरुपयोगी ठरतात.

मोठ्या पाहण्यांतही हा प्रश्न सुटलेला नाही, पण तो ओळखून काम केले जाते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७ पासून पंचेचाळिशीपुढील लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. तिच्यात दहा शब्द ऐकवून ते लगेच आणि थोड्या वेळाने आठवायला सांगितले जात. त्यांतील साठीपुढच्या काही हजार लोकांची पुढे सविस्तर तपासणी झाली, तिच्यात हिंदी मनोवस्था चाचणीही होती. पण स्मृतिभ्रंश आहे की नाही हे केवळ गुणांवर ठरवले नाही. चाचण्यांचे निकाल आणि घरच्या माणसाची मुलाखत एकत्र पाहून तज्ज्ञांनी निर्णय दिले. त्यावरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की देशात साठीपुढील शंभरांपैकी सुमारे ७.४ जणांना, म्हणजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण कमी शिकलेल्यांत अधिक दिसले. शिक्षणामुळे मेंदूला खरेच काही संरक्षण मिळते, असे मानायला आधार आहे. परंतु त्या फरकाचा काही भाग चाचणीतल्या शाळेचा नाही ना, ही शंका प्रत्येक वेळी घ्यावीच लागते.

आपल्या माणसाला चाचणीसाठी नेताना सकाळची, ताजेतवाने असण्याची वेळ मागून घ्यावी. चष्मा व कानाचे यंत्र बरोबर न्यावे. सोबत त्याच्या रोज सान्निध्यात असणारे माणूस असावे, पुण्याहून सुट्टीला आलेले नव्हे. तो किती इयत्ता शिकला आणि घरात कोणती बोली बोलतो, हे चाचणीपूर्वीच सांगावे. झोपेच्या किंवा मन शांत करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटे दाखवावीत, कारण त्या गोळ्या, उदासीनता, थायरॉइडची कमतरता आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही गुण खाली येतात, आणि ही कारणे उपचाराने दूर होण्यासारखी असतात. अहवालावर चाचणीचे नाव, तिची भाषा, प्रश्नवार गुण आणि तुलना कोणत्या वयाच्या व शिक्षणाच्या गटाशी केली हे लिहून मागावे. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा तपासणी करायची असेल, तर तीच चाचणी, शक्यतो तिची दुसरी आवृत्ती, त्याच वेळी आणि त्याच माणसाकडून घ्यावी, आणि जाताना आधीचा कागद बरोबर न्यावा.